संयुक्त घनाकृतींचे महत्त्वमापन: सूत्र कसे निवडायचे आणि एकके शेवटपर्यंत कशी सांभाळायची

दहावीच्या गणित भाग 2 मध्ये महत्त्वमापनाचे प्रकरण आहे. त्यातली सूत्रे बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतात. तरीही वृत्तचितीवर शंकू बसवलेला किंवा शंकूला अर्धगोल जोडलेला प्रश्न आला की उत्तर चुकते. त्याची कारणे मुख्यतः दोन. आकृतीचा नेमका कोणता पृष्ठभाग मोजायचा आहे हे ठरवण्याआधीच सूत्र लिहिले जाते, आणि एकाच ओळीत सेंटिमीटर, मीटर, मिलिमीटर एकत्र येतात. या दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणावर बारकाईने पाहू, मग त्याच पद्धतीने थोडी वेगळी उदाहरणे सोडवू.

मुख्य उदाहरण

पत्र्याची एक बंद टाकी तिवईवर ठेवली आहे. टाकीचा मधला भाग वृत्तचिती, तळ अर्धगोल आणि वरचा भाग शंकू आहे. तिन्ही भागांचा व्यास 42 सेमी. शंकूची लंब उंची 280 मिमी, टाकीची एकूण उंची 0.99 मी. पत्र्याची जाडी विचारात घ्यायची नाही. काढायचे आहे ते असे: टाकीत किती लीटर पाणी मावेल? दर चौरस मीटरला 150 रुपये दराने बाहेरून रंग देण्याचा खर्च किती? आणि वरच्या टोकाशी जोडलेल्या 1.4 सेमी आतील व्यासाच्या नळीतून पाणी सेकंदाला 1.1 मीटर वेगाने येत असेल, तर रिकामी टाकी किती वेळात भरेल?

पहिली पायरी: आकृती काढा आणि तिचे तुकडे करा

कच्ची का होईना, पण आकृती काढायचीच. जिथे एक आकार संपून दुसरा सुरू होतो तिथे आडवी तुटक रेषा मारा. आपल्या टाकीत अशा दोन रेषा येतात: एक अर्धगोल आणि वृत्तचितीमधली, दुसरी वृत्तचिती आणि शंकूमधली. प्रत्येक तुकड्याशेजारी त्याचे नाव आणि त्याच्या मापांची अक्षरे लिहा. त्रिज्या तिघांचीही सारखी म्हणून r एकच. उंची मात्र वेगळ्या, म्हणून वृत्तचितीची h₁ आणि शंकूची h₂ अशी खूण ठेवा. दोघांनाही नुसते h म्हटले, तर चौथ्या ओळीपर्यंत कोणता h कुणाचा हे लक्षात राहत नाही.

अर्धगोलाची वेगळी उंची दिलेली नसते, कारण ती त्याच्या त्रिज्येइतकीच असते. हे साधे वाटते, पण एकूण उंचीच्या प्रश्नात हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

दुसरी पायरी: सूत्राला हात लावण्याआधी सगळ्या लांब्या एका एककात आणा

प्रश्नात सेंटिमीटर, मिलिमीटर आणि मीटर अशी तिन्ही एकके आहेत. रूपांतर याच टप्प्यावर, फक्त लांब्यांचे करायचे. लांबी बदलताना 10 ने किंवा 100 ने गुणायचे वा भागायचे असते, त्यामुळे चूक होण्याची शक्यता कमी. तेच काम क्षेत्रफळ किंवा घनफळ काढल्यानंतर करायला गेलो तर 10,000 किंवा 10,00,000 अशा संख्या येतात आणि एखादे शून्य सहज हुकते.

एकक कोणते निवडायचे? ज्यात बहुतेक मापे पूर्ण संख्येत येतात ते. इथे सेंटिमीटर सोयीचे.

त्रिज्या r = 42 ÷ 2 = 21 सेमी
शंकूची उंची h₂ = 280 मिमी = 28 सेमी
एकूण उंची = 0.99 मी = 99 सेमी

व्यासाचा निम्मा करून त्रिज्याही इथेच लिहून टाकली, हे पाहा. प्रश्नात व्यास दिला असेल तर उत्तरपत्रिकेच्या पहिल्या ओळीतच त्याची त्रिज्या करा आणि पुढे 42 हा आकडा कुठेही वापरू नका. त्रिज्येऐवजी व्यास घातला तर r² असलेले प्रत्येक पद चौपट होते आणि r³ असलेले आठपट.

तिसरी पायरी: न दिलेली मापे काढा

वृत्तचितीची उंची थेट दिलेली नाही. एकूण उंचीत तिन्ही भाग येतात, म्हणून

h₁ = 99 − 21 − 28 = 50 सेमी

वजा केलेले 21 म्हणजे अर्धगोलाची उंची.

रंगाच्या प्रश्नासाठी शंकूची तिरकस उंचीही लागणार आहे.

l² = r² + h₂² = 21² + 28² = 441 + 784 = 1225, म्हणून l = 35 सेमी

शंकूच्या दोन उंची कुठे वापरायच्या याचा नियम सोपा आहे: घनफळात लंब उंची, वक्रपृष्ठफळात तिरकस उंची. कारणही सरळ आहे. शंकूत किती मावते हे तो सरळ किती उंच आहे यावर ठरते, तर त्याला गुंडाळायचा कागद टोकापासून कडेपर्यंत उतारावरून जातो. पडताळा म्हणून पाहायचे की r, h आणि l या तिघांत l सगळ्यात मोठी आली का. ती सर्वांत मोठी आली नसेल तर वर्ग करताना किंवा वर्गमूळ घेताना चूक झाली आहे. प्रश्नात शंकुछेद असेल तर l² = h² + (r₁ − r₂)² असते. तिथे दोन त्रिज्यांतला फरक घ्यायचा, सवयीने नुसती मोठी त्रिज्या घालायची नाही.

घनफळ: इथे बेरीज निर्धास्तपणे करता येते

जोडलेल्या आकारांचे घनफळ म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या घनफळांची बेरीज. कुठेही जोडले, कसेही जोडले, तरी त्यात काही कमी-जास्त होत नाही.

घनफळ = अर्धगोलाचे + वृत्तचितीचे + शंकूचे
= ⅔πr³ + πr²h₁ + ⅓πr²h₂

आता लगेच आकडे घालून तिन्ही पदांचे वेगवेगळे गुणाकार करत बसू नका. तिन्ही पदांत πr² आहे, तो बाहेर काढा.

= πr² (⅔r + h₁ + ⅓h₂)
= (22/7) × 21 × 21 × (14 + 50 + 28/3)
= (22/7) × 441 × 220/3
= 22 × 21 × 220
= 1,01,640 घसेमी

कंसात नुसत्या लांब्या उरल्या आणि सगळ्या सेंटिमीटरमध्येच आहेत, हे एका नजरेत दिसते. सामाईक पद बाहेर काढण्याचा हाच मोठा फायदा. समजा कोणी शंकूची उंची 280 च ठेवली असती, तर कंस 14 + 50 + 280/3 असा दिसला असता. 99 सेंटिमीटरच्या टाकीत एकट्या शंकूचा वाटा 93 कसा, हा प्रश्न तिथल्या तिथे पडला असता.

1 लीटर = 1000 घसेमी, म्हणून टाकीची क्षमता 101.64 लीटर.

उत्तर मान्य करण्याआधी दोन बाजूंनी चाचणी

ही टाकी 99 सेमी उंच आणि 21 सेमी त्रिज्येच्या एका वृत्तचितीत पूर्ण मावेल. त्या वृत्तचितीचे घनफळ πr² × 99 = 1386 × 99 = 1,37,214 घसेमी. आपले उत्तर याहून कमीच हवे. दुसऱ्या बाजूने, टाकीत निव्वळ मधली वृत्तचिती आहेच, तिचे घनफळ 1386 × 50 = 69,300 घसेमी. उत्तर याहून जास्तच हवे. 1,01,640 हे दोन्हींच्या मधे बसते.

ही चाचणी करायला दोन गुणाकार पुरतात आणि नेहमीच्या चुका ती पकडते. 280 मिमी तसेच वापरले असते तर उत्तर 2,18,064 आले असते, म्हणजे वरच्या मर्यादेच्या बाहेर. एकूण उंची 99 हीच वृत्तचितीची उंची धरली असती तर 1,69,554, तेही बाहेर. वृत्तचितीची उंची काढून ती मीटरमध्ये 0.5 अशीच ठेवली असती तर 33,033, म्हणजे खालच्या मर्यादेपेक्षा कमी. उत्तर मर्यादेत आले म्हणजे ते बरोबरच आहे असे मात्र नाही. गुणाकारातली लहानशी चूक या चाचणीतून निसटू शकते.

पृष्ठफळ: इथे बेरीज आंधळेपणाने करायची नाही

रंग देणारा माणूस ब्रश जिथे टेकवू शकतो तेवढाच भाग मोजायचा. तळाच्या अर्धगोलाचा वक्र भाग, वृत्तचितीची गोल भिंत आणि शंकूचा उतार, एवढेच बाहेर दिसते. अर्धगोलाचे सपाट तोंड, वृत्तचितीचे दोन्ही तळ आणि शंकूचा तळ सांध्यात गेले.

पृष्ठफळ = 2πr² + 2πrh₁ + πrl
= πr (2r + 2h₁ + l)
= (22/7) × 21 × (42 + 100 + 35)
= 66 × 177
= 11,682 चौसेमी

आता नेहमीची चूक पाहू. विद्यार्थी तिन्ही आकारांची एकूण पृष्ठफळाची सूत्रे लिहितो: 3πr², 2πr(r + h₁) आणि πr(r + l). त्यांची बेरीज 17,226 चौसेमी येते. बरोबर उत्तरापेक्षा ती 5,544 ने जास्त आहे, आणि 5,544 म्हणजे नेमके 4 × 1386, म्हणजे चार वर्तुळांचे क्षेत्रफळ. हा योगायोग नाही. टाकीला दोन सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यात दोन वर्तुळे एकमेकांना चिकटून लपली आहेत, एक खालच्या तुकड्याचे आणि एक वरच्याचे. सारख्या त्रिज्येच्या प्रत्येक सांध्यामागे एकूण पृष्ठफळांच्या बेरजेतून 2πr² जातात, हे एकदा पटले की उत्तर दोन वाटांनी तपासता येते: एकदा दिसणारे भाग मिळवून, एकदा बेरजेतून लपलेले भाग वजा करून.

अर्धगोलासाठी पुस्तकात दोन सूत्रे आहेत, 2πr² आणि 3πr². दुसऱ्यात सपाट तोंड धरलेले आहे. ते तोंड दुसऱ्या आकाराला पूर्ण चिकटले असेल तर 3πr² हे सूत्र त्या प्रश्नात येऊच शकत नाही.

आता खर्च. दर चौरस मीटरला आहे आणि आपले उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये. 1 मी = 100 सेमी, म्हणून 1 चौमी = 100 × 100 = 10,000 चौसेमी.

11,682 ÷ 10,000 = 1.1682 चौमी
खर्च = 1.1682 × 150 = 175.23 रुपये

इथे 10,000 ऐवजी 100 ने भागले तर 116.82 चौमी येतात आणि खर्च 17,523 रुपये. कमरेइतक्या उंच टाकीला रंगवायचे सतरा हजार रुपये! शिवाय 116 चौरस मीटर म्हणजे एका मोठ्या सदनिकेचे क्षेत्रफळ झाले. उत्तराकडे वस्तू म्हणून पाहिले तर एककाची चूक लपत नाही.

नळीचा प्रश्न: वेग आला की वेळेचे एककही सांभाळा

नळीतून सेकंदाला 1.1 मीटर पाणी येते, म्हणजे दर सेकंदाला 1.1 मीटर लांबीची पाण्याची वृत्तचिती टाकीत पडते. तिची त्रिज्या नळीची, 1.4 ÷ 2 = 0.7 सेमी. टाकीचे घनफळ घसेमीमध्ये आहे, म्हणून वेगही सेंटिमीटरमध्ये: सेकंदाला 110 सेमी.

एका सेकंदात येणारे पाणी = (22/7) × 0.7 × 0.7 × 110 = 1.54 × 110 = 169.4 घसेमी
वेळ = 1,01,640 ÷ 169.4 = 600 सेकंद = 10 मिनिटे

इथे दोन त्रिज्या आहेत, टाकीची आणि नळीची, म्हणून R आणि r अशी वेगळी अक्षरे घ्या. वेग किलोमीटर प्रतितास दिला असेल तर आधी मीटर प्रतिसेकंद करा (3600 ने भागा, 1000 ने गुणा), मग सेंटिमीटर. एकाच ओळीत दोन्ही रूपांतरे करण्याचा मोह टाळा.

सांध्यात त्रिज्या वेगळ्या असतील तर

वरच्या टाकीत सर्वत्र त्रिज्या सारखी होती, म्हणून सांधा पूर्ण झाकला गेला. आता 3 सेमी त्रिज्येच्या आणि 12 सेमी उंचीच्या भरीव वृत्तचितीवर 6 सेमी त्रिज्येचा आणि 8 सेमी उंचीचा शंकू बसवला आहे, भूछत्रासारखा. पूर्ण वस्तूचे पृष्ठफळ हवे आहे.

शंकूच्या तळाचा मधला भाग वृत्तचितीने झाकला, पण भोवती एक कडे उघडे राहिले. या कड्याचे क्षेत्रफळ π(6² − 3²) = 27π. विद्यार्थी हेच विसरतात, कारण समोरून काढलेल्या आकृतीत ते कडे नुसती आडवी रेषा दिसते. शंकूची तिरकस उंची √(36 + 64) = 10 सेमी.

शंकूचे वक्रपृष्ठफळ: π × 6 × 10 = 60π
उघडे कडे: 27π
वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ: 2π × 3 × 12 = 72π
वृत्तचितीचा खालचा तळ: 9π
एकूण: 168π चौसेमी

पडताळ्याची एक सुंदर युक्ती इथे वापरता येते. वस्तू थेट खालून पाहिली तर कडे आणि वृत्तचितीचा तळ मिळून 6 सेमी त्रिज्येचे एकच पूर्ण वर्तुळ दिसते, म्हणजे 36π. आणि खरेच 27π + 9π = 36π. वरच्या आकाराचा तळ मोठा असो वा लहान, जोडलेले भाग एकाच अक्षावर असतील तर वरून किंवा खालून दिसणारे सपाट तुकडे असे एकत्र करून पाहावेत.

π चे मूल्य इथे जाणवते. 22/7 घेतले तर 528 चौसेमी, 3.14 घेतले तर 527.52 चौसेमी. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर. प्रश्नात जे मूल्य दिले असेल तेच घ्यायचे. दिले नसेल आणि मापे 7 च्या पटीत असतील, तर 22/7 ने काटाकाट सोपी होते. एकाच प्रश्नाच्या दोन उपप्रश्नांत मात्र दोन वेगळी मूल्ये वापरू नका. शेवटच्या ओळीपर्यंत π हे अक्षरच ठेवले तर हा घोटाळा होतही नाही.

कोरून काढलेला भाग: घनफळ घटते, पृष्ठफळ वाढते

10 सेमी बाजूच्या लाकडी घनाच्या वरच्या पृष्ठाच्या मध्यावर 7 सेमी व्यासाचा अर्धगोल खळगा कोरला. उरलेल्या ठोकळ्याचे घनफळ आणि पृष्ठफळ काढा.

घनफळात वजाबाकी आहे: 1000 − ⅔ × (22/7) × 3.5³ = 1000 − 89.83 = 910.17 घसेमी (दोन दशांश स्थळांपर्यंत).

पृष्ठफळात मात्र दोन गोष्टी एकाच वेळी होतात. वरच्या पृष्ठावरून πr² इतके सपाट वर्तुळ गेले, आणि खळग्याच्या आतला 2πr² इतका वक्र पृष्ठभाग नवा तयार झाला. म्हणून

पृष्ठफळ = 6 × 100 − πr² + 2πr² = 600 + πr² = 600 + 38.5 = 638.5 चौसेमी

लाकूड काढले म्हणजे पृष्ठफळही कमी होणार असे मनाला वाटते, आणि त्या भरात 2πr² वजा केले जाते. रंग देणाऱ्याला विचारा: त्याला आता खळग्याच्या आतही ब्रश फिरवायचा आहे. हाच अर्धगोल कोरण्याऐवजी घनावर उलटा चिकटवला असता, तरी पृष्ठफळ तेवढेच, 638.5 चौसेमी आले असते. घनफळ मात्र 1089.83 घसेमी झाले असते.

पाण्यात बुडवलेली वस्तू

3 सेमी त्रिज्येचा अर्धगोल आणि त्याच त्रिज्येचा 4 सेमी उंचीचा शंकू जोडून धातूचा भरीव भोवरा केला आहे. 20 सेमी व्यासाच्या वृत्तचितीकार भांड्यात पुरेसे पाणी आहे. भोवरा पूर्ण बुडवला आणि पाणी सांडले नाही, तर पाण्याची पातळी किती वाढेल?

भोवऱ्याचे घनफळ = ⅔π × 27 + ⅓π × 9 × 4 = 18π + 12π = 30π घसेमी

बाजूला सरलेले पाणी भांड्यात 10 सेमी त्रिज्येची आणि x उंचीची पातळ चकती होऊन वर येते.

π × 10² × x = 30π, म्हणून x = 0.3 सेमी = 3 मिमी

दोन्ही बाजूंचे π कटले, म्हणून त्याचे मूल्य घालायचीच गरज पडली नाही. धातू वितळवून दुसरा आकार ओतण्याच्या प्रश्नांतही असेच होते. तिथे दोन्ही बाजूंना 3.14 घालून लांबलचक गुणाकार करणे म्हणजे हातच्या वेळेची नासाडी. या प्रश्नात चकतीची त्रिज्या भांड्याची असते, भोवऱ्याची नाही. 3 सेमी घातले तर पातळी 3.33 सेमी वाढल्याचे दिसते, आणि वीस सेंटिमीटर रुंद भांड्यात एवढा छोटा भोवरा टाकून पाणी तीन सेंटिमीटर वर येईल हे पटण्यासारखे नाही. भांडे काठोकाठ भरलेले असते तर पातळी वाढली नसती, भोवऱ्याच्या घनफळाइतकेच, म्हणजे 30π घसेमी किंवा सुमारे 94.2 मिली पाणी सांडले असते. 1 मिली म्हणजे 1 घसेमी.

शब्दांवरून नेमका भाग कसा ओळखायचा

मावणे, क्षमता, वितळवणे, वजन, सांडलेले पाणी हे शब्द आले की घनफळ. रंग, पत्रा, कापड, मुलामा, कलई आले की पृष्ठफळ. इथवर बहुतेकांना जमते. त्यापुढचा प्रश्न असा की, कोणता भाग उघडा आहे? भांड्याला झाकण नसेल तर वरचे वर्तुळ नाही. भांड्याला आतून-बाहेरून कलई करायची असेल आणि जाडी नगण्य असेल, तर पृष्ठफळ दुप्पट. तंबूला जमिनीवर कापड नसते, म्हणून तळ धरायचा नाही.

तंबूचे एक छोटे उदाहरण, कारण एककाची एक वेगळीच चूक त्यात दडलेली असते. तंबूचा खालचा भाग 2.8 मी त्रिज्येची आणि 2 मी उंचीची वृत्तचिती, वर 2.1 मी उंचीचा शंकू. कापडाचा पन्हा 150 सेमी. किती लांब कापड लागेल? तिरकस उंची √(2.8² + 2.1²) = √12.25 = 3.5 मी.

कापड = 2πrh + πrl = πr(2h + l) = (22/7) × 2.8 × (4 + 3.5) = 8.8 × 7.5 = 66 चौमी

कापडाची लांबी = क्षेत्रफळ ÷ पन्हा. पन्हा आधी 1.5 मी करून घ्या: 66 ÷ 1.5 = 44 मी. चौरस मीटरला थेट 150 ने भागले तर 0.44 येते, म्हणजे पाच माणसांच्या तंबूला अर्धा मीटर कापड. शिवणीत आणि कापताना वाया जाणारे कापड प्रश्नात सांगितले असेल तरच धरायचे, आणि धरायचे तर क्षेत्रफळात मिळवून मग पन्ह्याने भागायचे.

सूत्र आठवत नसेल किंवा शंका असेल तेव्हा

प्रत्येक पदात किती लांब्यांचा गुणाकार आहे हे मोजा. 2, ⅓, π या संख्यांना एकक नसते, त्या सोडून द्या. r, h, l या लांब्या. पृष्ठफळाच्या प्रत्येक पदात दोन लांब्या हव्यात, घनफळाच्या प्रत्येक पदात तीन. πr²h + 2πr² अशी बेरीज दिसली तर आधी थांबा: पहिल्या पदात तीन लांब्या आहेत, दुसऱ्यात दोन, म्हणजे घनसेंटिमीटरमध्ये चौरस सेंटिमीटर मिळवायला निघालो आहोत. अर्धगोलाच्या 2πr² आणि ⅔πr³ या सूत्रांची अदलाबदल याच मोजणीने लगेच सापडते. मात्र 2πrh आणि πrl यांतला फरक, किंवा ⅓ विसरला का, हे या मोजणीतून कळत नाही. शंकूचे घनफळ त्याच तळाच्या आणि उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश असते, आणि r उंचीच्या वृत्तचितीत बसणारा अर्धगोल तिच्या दोन तृतीयांश. तळ आणि उंची दोन्ही r घेतली तर शंकू, अर्धगोल आणि वृत्तचिती यांची घनफळे 1 : 2 : 3 या प्रमाणात येतात. ⅓ आणि ⅔ कुठे लावायचे याची शंका आली की हे प्रमाण लिहून पाहावे.